न सांगता सांगणे आणि न विचारता ठरवणे

गेली काही वर्षे एक इंग्रजी वाक्य आमच्या कानांवर सारखे पडते आहे. ‘टेल मी यू आर अ टीचर विदाऊट टेलिंग मी यू आर अ टीचर.’ म्हणजे, तुम्ही शिक्षक आहात हे न सांगता, तुम्ही शिक्षक आहात हे सांगा. ‘शिक्षक’ या शब्दाच्या जागी काहीही घालता येते. आई, वकील, वसतिगृहात राहणारा, पुणेकर. २०२० सालाच्या अखेरीस टिकटॉकवरच्या छोट्या चित्रफितींतून हा साचा जगभर पसरला. भारतात त्या वर्षीच्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आलेली असल्याने आपल्याकडे तो इन्स्टाग्राम आणि ट्विटरच्या वाटेने पोचला आणि बघता बघता मुलांच्या बोलण्यात रुळला. वर मथळा, खाली एखादे चित्र किंवा दोन ओळी, आणि बहुधा ‘सुरुवात मी करते’ अशी पुस्ती. एवढाच त्याचा संसार.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि पहिल्यांदा हे वाक्य ऐकले तेव्हा आम्हांला गंमत वाटली ती वेगळ्याच कारणाने. ‘न सांगता सांगा’ हा तर आमच्या साहित्यशास्त्राच्या तासाचा विषय! मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसदोषांची यादी दिली आहे, तिच्यात पहिलाच दोष हा, की रस, स्थायिभाव किंवा व्यभिचारिभाव त्याच्या स्वतःच्या नावाने सांगून टाकणे. नायिका लाजली असे म्हटल्याने लज्जा प्रतीत होत नाही. तिची नजर कुठे वळली ते सांगावे लागते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात हेच म्हटले होते, की ‘शृंगार’ हा शब्द उच्चारल्याने शृंगाराचा अनुभव येत नाही. तेव्हा काश्मिरी आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी शिकवलेला धडा आजची मुले मोबाइलवर खेळत गिरवताहेत, असे म्हणून आम्ही काही दिवस खूश होतो. ती खुशी फार टिकली नाही. ती का टिकली नाही, हेच या लेखात मांडायचे आहे.

आधी या साच्याची घडण नीट पाहू. आपल्या कोड्यात खुणा आधी येतात आणि नाव शेवटी ओळखायचे असते. हा साचा म्हणजे उलटे कोडे आहे. इथे नाव मथळ्यातच छापलेले असते आणि शोधायची असते ती खूण. ‘मी शिक्षक आहे’ हे खरे तर सांगून झालेलेच आहे. मम्मटाचा दोष पहिल्याच ओळीत घडून गेला आहे. मग वाचणाऱ्याला आनंद कशाचा मिळतो? काहीतरी नवे कळल्याचा नव्हे, तर ‘अगदी असेच आमच्याकडेही!’ या ओळखीचा. हा आनंद खोटा नाही, पण तो व्यंजनेचा नाही. तो बिरादरीचा आहे.

शिक्षकांच्या खोलीत एकदा आम्ही हा खेळ खेळलो. विषय अर्थातच ‘मराठीचे प्राध्यापक’. एका सहकाऱ्यांनी सांगितले, “माझ्या हातांना कायम खडू असतो.” यावर कोणी हसले नाही. खडू गणिताच्या शिक्षकाच्या हातांनाही असतो. दुसऱ्यांनी सांगितले, “आलेल्या लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ मी लाल पेनाने सुधारते.” यावर सगळे हसले, पण त्या हसण्यात थोडा संकोच होता, कारण हे सांगणे म्हणजे आपली पाठ आपणच थोपटणे. ज्या तपशिलातून आपली शोभा वाढते तो तपशील ‘नकळत’ सुटलेला नसतो. तो निवडून पुढे ठेवलेला असतो. तिसऱ्या बाईंनी स्वतः काही सांगितलेच नाही. त्यांच्या यजमानांनी घरी दाखवलेली वाणसामानाची यादी त्यांनी काढून दाखवली. डाळ, पोहे, साबण आणि खाली त्यांच्याच हातचे, ‘खालीलपैकी कोणतीही दोन फळे : केळी, पेरू, चिकू, डाळिंब.’ त्यांना ते लिहिताना जाणवलेही नव्हते.

ही तिसरी खूण खरी. तिच्यात काय आहे ते पाहिले म्हणजे खऱ्या आकस्मिक तपशिलाची लक्षणे हाती येतात. एक, तो तपशील आपल्या नेहमीच्या जागी नाही. प्रश्नपत्रिकेतले ‘खालीलपैकी कोणतेही दोन’ काही सांगत नाही. तेच वाणसामानाच्या यादीत आले की वर्षानुवर्षांची सवय उघडी पडते. दोन, लिहिणारीला त्यातून काही मिळवायचे नव्हते. तिचे सगळे लक्ष फळांकडे होते. आणि तीन, ही खूण तिने दाखवली नाही, दुसऱ्या कोणाला तरी दिसली. चांगला कथाकार आपल्या पात्राच्या बाबतीत नेमके हेच घडवून आणतो. पात्राचे लक्ष एकीकडे गुंतवायचे आणि तेवढ्यात त्याच्या हातून काहीतरी निसटू द्यायचे. लेखकाच्या बाजूने तो तपशील पूर्ण जाणीवपूर्वक निवडलेला असतो, पात्राच्या बाजूने पूर्ण अजाणतेपणी सुटलेला असतो. या दोहोंमधले अंतर म्हणजेच वाचकाची जागा. समाजमाध्यमांवरच्या साच्यात लेखक आणि पात्र एकच व्यक्ती असते, म्हणून हे अंतर राहत नाही आणि वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही.

इथपर्यंतचा आक्षेप केवळ रसिकतेचा आहे, आणि तेवढ्यासाठी आम्ही लेख लिहिला नसता. पण या साच्याचे दुसरे एक रूप आहे, आणि आता तेच जास्त ऐकू येते. यात कोणी स्वतःविषयी सांगत नाही. समोरच्याच्या तोंडून काही निसटले की ऐकणारा म्हणतो, ‘टेल मी यू हॅव नेव्हर रेड अ बुक विदाऊट टेलिंग मी.’ कधी पुस्तक वाचले नाहीस हे न सांगताच सांगितलेस की! पहिल्या रूपात मथळा आधी आणि तपशील नंतर येतो. दुसऱ्या रूपात तपशील आधी येतो आणि मथळा नंतर चिकटवला जातो. दिशा बदलली की तर्काचा प्रकारच बदलतो, आणि इथे आमच्या तासावरचा एक जुना वाद उपयोगी पडतो.

‘ध्वन्यालोका’च्या पहिल्या उद्द्योतात ध्वनीचे पहिले उदाहरण म्हणून येणारी गाथा ही हालाच्या गाथासप्तशतीतली आहे. महाराष्ट्री प्राकृतातली, आणि गोदावरीच्या काठची. म्हणजे आपल्याच अंगणातली. तिचा आशय असा. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते, की महाराज, आता निर्धास्तपणे हिंडा; तुम्हांला त्रास देणारे ते कुत्रे आज गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारले. शब्दांत आहे ते ‘हिंडा’. कळते ते ‘फिरकू नका’. कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या झाडीत कशाला जाईल? टीकाकार पुढची गोष्टही उलगडून सांगतात. ही झाडी त्या बाईची प्रियकराला भेटण्याची जागा आहे, आणि फुले तोडायला येणाऱ्या या सज्जनाने तिचा एकांत मोडला आहे.

विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी विचारतो, की इथे कोणाला काय कळले? त्या धार्मिकाला एवढेच कळले की तिथे जाऊ नये. बाईच्या प्रेमाविषयी त्याला काहीही कळलेले नाही, आणि कळू नये हीच तर तिची धडपड आहे. ते कळते आपल्याला. तिने एक गोष्ट न सांगता सांगितली, आणि दुसरी न सांगण्याचा प्रयत्न करता करता तिच्या हातून सुटली. एका कुत्र्याच्या मरणाच्या बातमीतून तिचे अवघे खासगी आयुष्य दिसते, पण ते फक्त वाचकाला दिसते. तिच्या गावाला दिसत नाही.

या गाथेवरून अकराव्या शतकात मोठा वाद झाला. महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ लिहिला तो मुळी ध्वनी नावाची वेगळी काही शक्ती नाही हे दाखवण्यासाठी. त्याचे म्हणणे असे, की तुम्ही ज्याला व्यंजना म्हणता ते अनुमानच आहे. डोंगरावर धूर दिसला की आपण अग्नी ओळखतो, तसेच इथे सिंह आहे, ऐकणारा भित्रा आहे, म्हणून तो जाणार नाही. खूण हा हेतू, ओळखायची गोष्ट हे साध्य, आणि दोहोंमध्ये व्याप्ती, म्हणजे कधी न मोडणारा संबंध.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्हासात याला दिलेले उत्तर आम्हांला फार आवडते, कारण ते अगदी व्यवहारी आहे. तो म्हणतो, भित्रा माणूस भीतीच्या जागी कधीच जात नाही, हे कोणी सांगितले? गुरूची किंवा मालकाची आज्ञा असेल, प्रियेवर प्रेम असेल, आणखी काही कारण असेल, तर तो जाईलच. तेव्हा हा हेतू अनैकांतिक आहे. तो दोन्हीकडे झुकतो. शिवाय जो कुत्र्याला टाळतो तो सिंहाला भिणारच असेही नाही. शूर माणूससुद्धा विटाळाच्या भयाने कुत्र्याचा स्पर्श टाळील. आणि सर्वांत मुख्य म्हणजे तिथे सिंह आहे हेच मुळी सिद्ध कुठे झाले? आपण तो पाहिलेला नाही. त्या बाईने सांगितले एवढेच, आणि तिचे सांगणे प्रमाण मानण्याचे काही कारण नाही. अनुमान म्हणून पाहिले तर सगळी इमारत कोसळते. तरीही अर्थ तर कळतोच. म्हणून तो अनुमानाने कळत नाही, व्यंजनेने कळतो, हा मम्मटाचा निष्कर्ष.

परीक्षेत विद्यार्थी इथवर लिहितात आणि पूर्णविराम देतात. पण मम्मटाच्या उत्तरातली एक गोष्ट सुटून जाते. व्यंजना अनुमान नाही असे सिद्ध करताना त्याने व्यंजनेकडून पुराव्याचा दर्जा काढून घेतला आहे. सुचलेला अर्थ खात्रीचा नसतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा ढंग काय, प्रसंग, स्थळ आणि काळ कोणता, हे सगळे लक्षात घेतल्यावर तो प्रतीत होतो, आणि यातले एक बदलले तरी तो बदलतो. काव्यात हे चालते, कारण गाथेतल्या बाईविषयी आपण चुकीचे ठरवले तर तिचे काही बिघडत नाही. जिवंत माणसाच्या बाबतीत मात्र बिघडते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला बसलो तो सांगतो. आमच्यापैकी एकीच्या तासाला एक विद्यार्थी उतारा मोठ्याने वाचत होता. वाचताना ‘पाणी’ असे छापलेले असूनही त्याने ‘पानी’ असे म्हटले. मागच्या बाकावरून वर दिलेले इंग्रजी वाक्य आले, आणि वर्ग हसला. खरे तर उपहासाची ती फेक इतकी सफाईदार होती, की शिकवणारीच्याही ओठांवर हसू आले. तो मुलगा पुढे वाचत राहिला. त्याचा आवाज मात्र खाली गेला.

या हसण्यामागचा तर्क उलगडून पाहू. ‘जो खूप वाचतो तो पाणी म्हणतो. हा पानी म्हणतो. म्हणून हा वाचत नाही.’ दिसायला ठाकठीक. नैयायिकांनी अशाच फसव्या अनुमानासाठी एक प्रसिद्ध उदाहरण ठेवले आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरे नाही. तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीवरून धूर ठरवायचा तर मध्ये एक न बोललेली अट लागते, ती म्हणजे सरपण ओले असणे. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. आमच्या वर्गातल्या अनुमानातही अशी एक उपाधी दडली होती. ‘जो खूप वाचतो तो पाणी म्हणतो’ हे तेव्हाच खरे ठरते, जेव्हा त्याच्या घरची बोली पुस्तकी मराठीच्या जवळची असते. वऱ्हाडीत ‘ण’च्या जागी सर्रास ‘न’ येतो. कोन, पानी, आनि. हा उच्चार आईच्या तोंडून येतो, पुस्तकांतून येत नाही, आणि पुस्तके वाचून तो जातही नाही, कारण पुस्तके बहुधा मनात वाचली जातात. तो मुलगा अकोल्याचा, भर शहरातला. ग्रंथालयाच्या नोंदवहीत त्याचे नाव वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त वेळा होते, हे आम्ही नंतर पाहिले. ‘नंतर पाहिले’ हे शब्द लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही. हसण्याआधी पाहायला हवे होते.

आणि पुस्तके हे तर वरवरचे निमित्त. महाराष्ट्रात ‘ण’ आणि ‘न’ यांच्यावरून माणसे केवळ वाचन ठरवत नाहीत. एकोणिसाव्या शतकात पुण्याकडच्या शिष्टांची बोली प्रमाण म्हणून पाठ्यपुस्तकांत आणि कोशांत स्थिर झाली, तेव्हापासून हा एक उच्चार गाव, घर आणि जात ओळखण्याचे साधन होऊन बसला आहे. जात थेट विचारणे आता असभ्य समजले जाते. म्हणून आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव विचारतात, मग कुलदैवत, मग डब्यात काय आणले आहे ते. आणि काहीच विचारायचे नसेल तर समोरचा ‘पाणी’ कसे म्हणतो ते ऐकतात. ‘न सांगता सांग’ हा साचा समाजमाध्यमांवर २०२० मध्ये आला असेल. ‘न विचारता ठरवतो’ हा साचा आपल्याकडे फार जुना आहे. नव्या इंग्रजी वाक्याने त्याला एक हसरा, आधुनिक मुखवटा दिला एवढेच. उच्चाराची चेष्टा उघडपणे करायला जो विद्यार्थी धजावला नसता, तोच ती या वाक्याच्या आडून सहज करून गेला.

गोष्ट इथे संपली नाही. महिन्याभराने त्या मुलाचा निबंध तपासायला आला. त्यात ‘जीवण’, ‘मणुष्य’, ‘वाहण’ असे शब्द होते. आधीच्या सत्रातली त्याची उत्तरपत्रिका आम्ही काढून पाहिली. तिच्यात ‘जीवन’ आणि ‘मनुष्य’ अगदी बरोबर होते, ‘पाणी’सुद्धा बरोबर होते. म्हणजे लिहिताना तो कधी चुकतच नव्हता. हसू झाल्यावर त्याने ‘न’ या अक्षराचीच धास्ती घेतली आणि जिथे ‘न’ हवा तिथेही ‘ण’ घालू लागला.

‘जीवण’ हा शब्द कोणी फिरणाऱ्या चित्रात टाकला असता तर खाली पुन्हा तेच वाक्य लिहिले गेले असते, की पाहा, न सांगता सांगितले! त्या शब्दातून खरोखरच काहीतरी नकळत सांगितले गेले आहे, पण ते अज्ञान नव्हे. या माणसाला कधीतरी कोणीतरी हसले आहे, असे तो ‘ण’ सांगतो. तेही दर वेळी खरे असेल असे नाही. मम्मटाची अट आम्हांलाही लागू आहे. घाईत चुकीची कळ दाबली गेली असेल, दुसऱ्याचे लिहिलेले उतरवले असेल. आम्हांला इतके ठामपणे म्हणता आले, कारण हातात आधीची उत्तरपत्रिका होती आणि मधला प्रसंग डोळ्यांसमोर घडला होता. एका अक्षरावरून काही म्हणायचे तर एवढी सामग्री लागते.

या साच्यावर वर्गात बंदी घालावी असे आमचे मत नाही. तशी ती घालता येणारही नाही. उलट व्यंजनेचा पाठ शिकवताना आम्ही आता हाच साचा फळ्यावर लिहितो, आणि विद्यार्थ्यांना दोन कामे देतो. पहिले, मथळा पुसून टाका आणि नुसता तपशील ठेवा. तो न वाचलेल्या माणसाला काय कळते ते पाहा. वाणसामानाची यादी या कसोटीला उतरते, खडू उतरत नाही. दुसरे काम अधिक अवघड आहे. त्याच तपशिलाची आणखी तीन स्पष्टीकरणे लिहा, मम्मटाने भित्र्या माणसासाठी लिहिली तशी. आज्ञा, प्रेम, आणखी काही. पहिल्या कामात मुले रमतात. दुसऱ्यात तिसऱ्या स्पष्टीकरणापाशी ती अडखळतात, आणि बराच वेळ वर्गात कोणी बोलत नाही.

त्या विद्यार्थ्याने नंतर आमच्याच विभागात एम.ए. पूर्ण केले. तोंडी परीक्षेत त्याने गोदाकाठच्या त्या गाथेवर उत्तर दिले, आणि बोलताना तो ‘पानी’ आणि ‘आनि’ म्हणाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान वर करून एकदा त्याच्याकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही त्यांच्यापुढे त्याची जुनी उत्तरपत्रिका ठेवू शकत नव्हतो. त्याला पुढे बोलू द्यावे, एवढेच सुचवले.